पत्ता बदललाय, गुन्हा नाही केला!

पनवेलकरहो, शाळेच्या ऑफिसात मुलाचा नवा पत्ता नोंदवायला नोटरी लागत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागत नाही. पाचशेचा स्टॅम्प पेपरही लागत नाही. लागतो एक साधा अर्ज, नव्या घरात राहत असल्याचा एखादा कागद आणि ऑफिसातल्या माणसाची पाच मिनिटं. तरीही आपल्याकडे शेकडो पालक या एका कामासाठी तीन-तीन खेपा घालतात आणि शेवटी कंटाळून म्हणतात, "राहू दे जुनाच पत्ता, कुठे अडतंय?"

अडतं. कुठे अडतं ते पुढे सांगतो. आधी प्रकरण काय ते ऐका.

आपल्या पेजच्या एका वाचक ताईंचं हे प्रकरण. मुलगी सहावीत, कामोठ्यातल्या एका खासगी शाळेत. शाळेचं नाव देत नाही, कारण भांडण एका शाळेशी नाही, सवयीशी आहे. पहिलीला आरटीईच्या २५ टक्के कोट्यातून प्रवेश मिळाला होता, तेव्हा घर कामोठ्यातच होतं. घरमालकाने भाडं वाढवलं म्हणून मे महिन्यात कुटुंब करंजाडेला गेलं. जूनमध्ये ताईंनी शाळेत अर्ज दिला. विषय लिहिला: "मुलीचा पत्ता चुकीचा असल्याने दुरुस्त करणेबाबत."

ऑफिसातून पहिला प्रश्न आला, "चुकीचा? म्हणजे अॅडमिशनच्या वेळी चुकीचा पत्ता दिला होतात का?"

ताई गारठल्या. आरटीईची अॅडमिशन, वर हा प्रश्न! मग यादी हातात आली: रजिस्टर्ड भाडेकरार आणा, मुलीचं आधार नव्या पत्त्याचं करून आणा आणि पाचशेच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करून आणा. ताईंनी अर्ज परत घेतला. मुलगी आजही शाळेच्या कागदांवर कामोठ्यातच राहते.

आता यातलं एकेक बघू.

पहिली गोष्ट, अर्जातला एक शब्द. "दुरुस्ती" आणि "बदल" हे दोन वेगळे शब्द आहेत. दुरुस्ती चुकीची होते. कामोठ्याचा पत्ता चुकीचा नव्हताच. ज्या दिवशी दिला त्या दिवशी तो शंभर टक्के खरा होता. कुटुंब हललं म्हणून तो जुना झाला. त्यामुळे अर्जात लिहायचं ते "पत्त्यातील बदलाची नोंद घेणेबाबत". आणि खाली, अमुक तारखेपासून आम्ही नव्या पत्त्यावर राहत आहोत. ही तारीख फार महत्त्वाची. जुना पत्ता कधीपर्यंत खरा होता आणि नवा कधीपासून खरा आहे, हे त्या एका तारखेवरून कळतं. "चुकीचा आहे" असं लिहिलंत की तुम्ही स्वतःच स्वतःच्या जुन्या कागदावर शंका घेतलीत. समोरच्याने मग प्रश्न विचारला तर त्याला दोष तरी कसा द्यायचा?

पण इथेच ऑफिसची बाजूही बघायला हवी, कारण क्लार्क उगाच खाष्ट नसतो. तो घाबरलेला असतो. माध्यमिक शाळा संहितेत विद्यार्थ्याचं नाव, जात, जन्मतारीख बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि ते योग्यही आहे. त्या नोंदींवर पुढे जातीचा दाखला, नोकरी, निवृत्ती सगळं उभं राहतं. कुठेतरी एखाद्या शाळेत जन्मतारीख परस्पर बदलली म्हणून कोणाची तरी चौकशी लागलेली असते आणि तो किस्सा प्रत्येक क्लार्कने ऐकलेला असतो. त्यामुळे "रेकॉर्डमध्ये बदल" एवढे शब्द कानावर पडले की तो हात आखडता घेतो.

फक्त त्याने दोन गोष्टींची गल्लत केलेली असते. शाळा सोडल्याचा दाखला आठवा. त्यावर काय काय असतं? नाव, आईचं नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण. राहण्याचा पत्ता आहे का त्यावर? नाही. दाखल्यावर राहत्या पत्त्याचा रकानाच नाही. कारण पत्ता ही माणसाची ओळख नाही, तो त्याच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता आहे. ओळख सहजासहजी बदलू नये म्हणून कडी-कुलूप. रस्ता बदलला तर तो लगेच कळायला हवा. आपण रस्त्यालाच कुलूप लावून बसलोय.

आणि दाखल्यावर "जन्मस्थळ" मात्र आहे, हे नीट लक्षात ठेवा. पत्ता बदलताना कोणी उत्साहाच्या भरात जन्मस्थळाला हात लावता कामा नये. आपल्या तालुक्यात तर ही गोष्ट फार जपायची आहे. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली वाडा, वरचे ओवळे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, उलवे, वाघिवली. २०१८ साली फेब्रुवारीत विमानतळाचं भूमिपूजन झालं, २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालं. जिथे घरं, देवळं, अंगणवाड्या होत्या ती जमीन विमानतळाची झाली. या गावांतल्या कुटुंबांचा पत्ता सरकारनेच बदलला. कोणी करंजाडे-वडघरला गेलं, कोणी वहाळ-उलव्याकडे.

या गावात जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर जन्मस्थळ चिंचपाडा असेल तर ते चिंचपाडाच राहिलं पाहिजे. गाव नकाशावरून गेलं म्हणून जन्म बदलत नाही. पुढे जातीच्या दाखल्याला, प्रकल्पग्रस्त म्हणून काही सिद्ध करायला, तीच जुनी नोंद कामाला येईल. राहण्याचा पत्ता मात्र नवाच हवा, कारण जिथे आज कोणीच राहत नाही तिथे पोस्टमन पत्र कोणाला देणार? दोन रकाने, दोन वेगळे नियम. अर्जात हे स्पष्ट लिहायचं: "जन्मस्थळ व इतर कोणत्याही नोंदीत बदल नको आहे." हे एक वाक्य वाचलं की क्लार्कची अर्धी भीती जाते. तुमचं जन्मस्थळही सुरक्षित राहतं.

आता त्या तीन कागदांच्या मागणीकडे येऊ.

रजिस्टर्ड भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. भाड्याचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, हे खरं. पण तो नोंदवायची जबाबदारी कोणाची? कायदा म्हणतो, घरमालकाची. नोंदवला नाही तर शिक्षाही मालकाला. शिवाय नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे कायद्यानेच भाडेकरूच्या बाजूने कल दिलाय. आणि आपल्या शाळा काय करतात? मालकाने केलेल्या कुचराईची शिक्षा भाडेकरूच्या सहावीतल्या पोरीला देतात! आपल्याकडे किती घरं साध्या कागदावर किंवा नुसत्या तोंडी बोलीवर भाड्याने जातात, हे शाळेतल्या शिक्षकांना माहीत नाही का? त्यातले काही स्वतःच तसे राहतात.

मुद्दा असा की रजिस्टर्ड करार असेल तर जोडा, चांगलंच आहे. नसेल तर घरमालकाच्या नावाचं लाइट बिल आणि त्याची दोन ओळींची चिठ्ठी, सोसायटीचं पत्र, गॅसच्या पुस्तकावरचा नवा पत्ता, यातलं काहीही चालायला हवं. शाळा घराची मालकी ठरवत नाहीये. मूल रात्री कुठे झोपतं एवढंच तिला माहीत हवंय.

आधार. इथे गंमत बघा. मुलीचं आधार नव्या पत्त्याचं करायचं तर आधी बापाचं किंवा आईचं व्हावं लागतं. मग कुटुंबप्रमुखाच्या संमतीने मुलांचा पत्ता बदलता येतो. २०२३ पासून ही सोय ऑनलाइन आहे. कुटुंबप्रमुखाला विनंती जाते आणि त्याने तीस दिवसांत ती मान्य करायची असते. सोय चांगली आहे, जरूर वापरा. पण त्यासाठी आधी बापाच्या आधारवर नवा पत्ता हवा. त्याच्याकडे रजिस्टर्ड करार नाही, लाइट बिल मालकाच्या नावावर. म्हणजे आमदार, नगरसेवक, तहसीलदार यांच्यापैकी कोणाकडून तरी ठरावीक नमुन्यातलं पत्र आणायचं, सेंटरवर रांग लावायची आणि वाट बघायची. हे सगळं होईपर्यंत दिवाळीची सुट्टी येते. तोवर शाळेने जुना पत्ता का धरून ठेवायचा? सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठीसुद्धा आधार सक्तीचं करता येणार नाही असं सांगितलंय. जिथे प्रवेशच आधारवर अडवता येत नाही, तिथे आत असलेल्या मुलीचा पत्ता कसा काय अडवता?

तिसरा कागद, प्रतिज्ञापत्र. हा तर निव्वळ रिवाज. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा स्टॅम्प पाचशेला झाला, तरी मागणारे मागतातच. राज्य सरकारने ९ मार्च २०१५ लाच निर्णय काढून आपल्या कार्यालयांत प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतींऐवजी स्वतः सही केलेल्या झेरॉक्स स्वीकारायला सांगितलंय. सरकार स्वतः साध्या कागदावर विश्वास ठेवायला तयार आहे. मग शाळेने सरकारपेक्षा जास्त सरकारी व्हायचं कारण काय? "वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास मी जबाबदार राहीन" एवढं अर्जाखाली लिहून सही केली की झालं.

आता त्या ताईंच्या खऱ्या भीतीबद्दल, कारण हीच भीती बहुतेक पालकांना गप्प बसवते. "आरटीईतून अॅडमिशन आहे, घर लांब गेलं हे कळलं तर काढून टाकतील." नाही काढता येत. अंतराचा हिशेब प्रवेशाच्या वेळचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(ग) मध्ये असं म्हटलंय की अशा मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मोफत शिकवायचं. म्हणजे आठवीपर्यंत. मध्ये घर बदललं तर हक्क संपतो असं त्यात कुठेही नाही. कलम १६ तर सांगतं, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. नापास करण्याबद्दल २०१९ मध्ये बदल झाला, पण काढून टाकण्याची मनाई तशीच आहे. आणि उद्या तुम्हालाच लांब पडतंय म्हणून करंजाडेजवळची शाळा हवी असेल, तर कलम ५ खाली दाखला लगेच द्यायची जबाबदारी मुख्याध्यापकांची. उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई त्यांच्यावर. म्हणजे पत्ता लपवून तुम्ही काहीच वाचवत नाही. उलट उद्या खरंच तपासणी झाली आणि घरी कोणी सापडलं नाही, तर संशय तिथून सुरू होतो. वेळेवर दिलेला, तारखेसह शिक्का घेतलेला अर्ज हीच तुमची ढाल.

तर मग जुना पत्ता राहिला तर अडतं कुठे? मूल आठ दिवस आलं नाही आणि फोनही लागत नाही, तर शिक्षक चौकशीला जुन्या दारात जातात. तिथे दुसरेच लोक राहतात. "ते गेले, कुठे ते माहीत नाही," असं उत्तर मिळतं आणि शाळेत असलेलं मूल कागदावर शाळाबाह्य होण्याच्या वाटेला लागतं. बसवाल्याच्या यादीत पत्ता कामोठ्याचा असतो. रोजची ताई रजेवर गेली आणि बदली बाई आली की ती यादी बघून पोरीला कामोठ्याच्या स्टॉपवर उतरवते. यात तिची काय चूक? जुलैत धो-धो पाऊस पडून शाळा दुपारीच सोडावी लागते, तेव्हा हा प्रश्न फार खरा होतो.

म्हणूनच "अर्ज दिला" यावर थांबायचं नाही. पत्ता शाळेत एका जागी नसतो. प्रवेश अर्जावर असतो, वर्गशिक्षकांच्या यादीत असतो, ओळखपत्रावर असतो, बसच्या यादीत असतो आणि सरकारच्या यू-डायस प्लस पोर्टलवर मुलाच्या माहितीत असतो, पिनकोडसकट. त्या पोर्टलचं लॉगिन शाळेकडे असतं, पालकाला ते उघडता येत नाही. तिथे नाव, जन्मतारीख बदलणं कठीण आहे. पत्ता आणि मोबाइल या साध्या नोंदी आहेत, शाळेच्या पातळीवर भरायच्या. त्यामुळे अर्जात या जागांची नावं लिहायची. नाहीतर अर्ज फाइलला लागतो, रजिस्टरमध्ये नोंद होते आणि बसच्या यादीत पोरगी कामोठ्यातच राहते.

पिनकोडचंही बघा. कामोठे ४१०२०९, कळंबोली ४१०२१८, खारघर ४१०२१०, नवीन पनवेल, खांदा कॉलनी आणि करंजाडे ४१०२०६. नोड बदलला, पिन तोच राहिला, ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे "नवी मुंबई" लिहून मोकळं होणं. नवी मुंबई महापालिका ठाणे जिल्ह्यात, आपण रायगड जिल्ह्यात. पत्त्यात "ता. पनवेल, जि. रायगड" लिहाच.

ताईंना लिहून दिलेला अर्ज इथे देतोय. उचला, आपली माहिती भरा, वापरा.

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे नाव व पत्ता)

विषय: विद्यार्थिनीच्या राहत्या पत्त्यातील बदलाची नोंद घेणेबाबत.

महोदय,
माझी मुलगी (पूर्ण नाव), इयत्ता व तुकडी, जनरल रजिस्टर क्रमांक ___, आपल्या शाळेत शिकत आहे. आम्ही दिनांक ___ पासून खालील नव्या पत्त्यावर राहत आहोत.

जुना पत्ता: ___
नवा पत्ता: घर क्र., इमारत, प्लॉट व सेक्टर, करंजाडे, ता. पनवेल, जि. रायगड, ४१०२०६

कृपया शाळेच्या अभिलेखात, वर्गशिक्षकांच्या यादीत, ओळखपत्रावर, बसच्या यादीत व यू-डायस प्लसवरील माहितीत नव्या पत्त्याची नोंद घ्यावी. जुनी नोंद वाचता येईल अशी ठेवून नव्या नोंदीवर तारीख टाकावी. नाव, जन्मतारीख, जात, जन्मस्थळ यांत कोणताही बदल नको आहे. मोबाइल क्रमांक पूर्वीचाच आहे.

वरील माहिती खरी असून, खोटी आढळल्यास मी जबाबदार राहीन.

सोबत: राहत्या पत्त्याचा पुरावा (स्वतः सही केलेली प्रत).

आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल, दिनांक)

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "शिक्का नाही देत" म्हणाले तर वाद घालू नका. पोस्टात जा आणि स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह. पंधरा दिवसांनी वर्गशिक्षकांना भेटा आणि यू-डायसवर नोंद झाली का ते स्क्रीनवर दाखवायला सांगा. स्क्रीनवर नवा पिन दिसला म्हणजे काम झालं.

शेवटी मुख्याध्यापकांना जाहीर विनंती. आपल्या तालुक्यात दर मे-जूनमध्ये शेकडो कुटुंबं एका नोडमधून दुसऱ्या नोडमध्ये जातात. भाडं वाढलं, इमारत पुनर्विकासाला गेली, जमीन विमानतळाला गेली. यातलं कुठलंच कारण मुलाच्या हातातलं नाही. शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलासोबत अर्ध्या पानाची चिठ्ठी घरी पाठवा: "पत्ता किंवा मोबाइल बदललाय का? असल्यास लिहा, सही करा." बस्स. क्लार्कचे वर्षभराचे हेलपाटे वाचतील, पालकांचे पाचशे वाचतील आणि तुम्हाला तुमची मुलं कुठे राहतात ते कळेल. ज्या शाळेला आपलं मूल संध्याकाळी कुठल्या दारात जातं हे माहीत नाही, त्या शाळेच्या गेटवरचे सीसीटीव्ही काय कामाचे?

तुमच्याकडे पत्ता बदलायला कोणकोणते कागद मागितले ते कमेंटमध्ये लिहा. शाळेचं नाव नको, फक्त नोड आणि मागितलेल्या कागदांची यादी. ती यादी घेऊन मी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणार आहे.